तक्रार पेटीला कुलूप आहे, पण चावी कोणाकडे?

चाकणच्या एका कारखान्यात मी एचआरमध्ये होतो तेव्हा एचआरच्या केबिनबाहेर एक लाल पेटी टांगलेली होती, वर सीसीटीव्ही, चावी माझ्या ड्रॉवरमध्ये. दीड वर्षात त्यात तीन चिठ्ठ्या आल्या आणि तिन्ही कँटीनच्या चहाबद्दल. ऑडिटला मात्र आम्ही ऐटीत सांगायचो की आमच्याकडे तक्रारी नाहीतच. मग एक दिवस दोन चांगले ऑपरेटर एकाच आठवड्यात सोडून गेले आणि गेटपास देताना एक जण सहज म्हणाला, "साहेब, ओटीचं तुम्हाला माहीत नव्हतं का?" जादा वेळेच्या पैशांचं काय चाललंय ते मला खरंच माहीत नव्हतं. लाइनवर सगळ्यांना माहीत होतं.

त्यानंतर आम्ही तक्रार निवारण समिती नव्याने उभी केली, ती कशी केली ते खाली सविस्तर लिहितोय. दोनशे ते पाचशे माणसं असलेल्या कंपनीसाठी हे आहे. आमच्याकडे तेव्हा साधारण 280 होती, त्यातली 160 कायम कामगार, 70 कंत्राटी, बाकी स्टाफ. एक गोष्ट आधीच सांगतो, कामगार "समिती न्याय देईल का" असा विचार करत बसत नाही, त्याच्या डोक्यात एकच असतं की चिठ्ठी टाकली तर नंतर माझं काय होईल. खालचं सगळं त्या एका प्रश्नाभोवती आहे.

कायद्याचा सांगाडा आधी नीट बघून घ्या

जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात 2010 पासून ही समिती आली, तेव्हा जास्तीत जास्त सहा सदस्य आणि 45 दिवसांची मुदत होती. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झालीये आणि तिच्या कलम 4 मध्ये चित्र बदललंय. वीस किंवा जास्त कामगार असतील तर समिती हवीच, सदस्य जास्तीत जास्त दहा, मालकाच्या बाजूचे आणि कामगारांच्या बाजूचे सारखेच. अध्यक्षपद दरवर्षी आलटून पालटून, म्हणजे एक वर्ष यांच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. बायकांचं प्रमाण कामगारांमधल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी असून चालत नाही. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत कामगाराने अर्ज करायचा आणि अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत समितीने काम संपवायचं.

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य बरेच जण वाचतच नाहीत. निर्णय बहुमताने होतो, पण कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्यापेक्षा जास्त जणांची संमती असल्याशिवाय निर्णय झाला असं धरत नाहीत. समजा आठ जणांची समिती आहे, चार आणि चार. पाच मतं पडली की बहुमत झालं, पण त्या पाचात कामगारांची किमान तीन हवीत. म्हणजे मॅनेजमेंटचे चार आणि गोड बोलून फोडलेला एक कामगार प्रतिनिधी, असं करून तक्रार दाबता येत नाही. हे मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात नोटीस बोर्डावर लावा, आमच्याकडे या एका कागदाने जेवढा फरक पडला तेवढा माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणाने पडला नव्हता.

निर्णय पटला नाही किंवा मुदतीत आलाच नाही तर कामगार 60 दिवसांच्या आत, तो ज्या युनियनचा सभासद आहे तिच्यामार्फत, सरकारने नेमलेल्या समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. हेही बोर्डावर लिहा. आमचे प्लँट हेड म्हणाले होते की आपणच त्यांना बाहेरचा रस्ता कशाला दाखवायचा. अहो पण रस्ता त्यांना माहीतच असतो, आपण लपवला की फक्त एवढंच कळतं की आपण लपवतोय.

समितीकडे काय येणार आणि काय नाही

एका पानाचा कागद करा, जास्त नको. ओटी, पगारातली कपात, रजा, शिफ्ट, मेमो, कामाची वाटणी, सुपरवायझरची वागणूक, बढती, हे सगळं येणार. पगारवाढ, बोनसची मागणी अशा सगळ्यांच्या मिळून असलेल्या गोष्टी युनियनच्या वाटाघाटीत, त्या इथे आणल्या की समितीचा आखाडा व्हायला वेळ लागत नाही.

लैंगिक छळाची तक्रार इथे अजिबात घ्यायची नाही. त्यासाठी 2013 च्या कायद्याखाली वेगळी अंतर्गत समिती असते, दहा किंवा जास्त कर्मचारी असले की ती बंधनकारक आहे, तिची अध्यक्ष बाई असते, निम्म्या तरी सदस्य बायका आणि एक सदस्य बाहेरची. आपल्या प्रतिनिधीकडे अशी तक्रार चुकून आली तर त्याने काय करायचं हे आधी शिकवून ठेवा. त्याने "नक्की काय झालं" हे खोदून विचारायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, त्या बाईला त्याच दिवशी अंतर्गत समितीच्या अध्यक्षांशी जोडून द्यायचं आणि विषय सोडायचा. नाव फुटलं तर कायद्याने तोसुद्धा अडचणीत येतो.

कायद्याची समिती कामगारांसाठी आहे, पण मधल्या आकाराच्या कंपनीत ज्युनियर इंजिनिअर, स्टोअरवाले, डिस्पॅचचे लोक यांना कोणीच वाली नसतो. आम्ही त्यांनाही तेच दार उघडं ठेवलं. कंत्राटी लोकांनाही. त्यांचा मालक कागदोपत्री कंत्राटदार असतो हे खरं, पण कंत्राटदाराने पगार दिला नाही तर देण्याची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावर येते, त्यामुळे त्यांचं रडगाणं आपल्याला लवकर कळलेलं बरं. अशा केसमध्ये कंत्राटदाराला लेखी बोलवायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं.

माणसं निवडताना

बहुतेक समित्यांची माती इथेच होते. एचआरवाला चार "समजूतदार" कामगारांची नावं लिहितो आणि झाली समिती. लाइनवर लगेच कळतं की हे साहेबांचे लोक. आम्हीही पहिल्यांदा तेच केलं होतं, म्हणून तर चहाच्या तीन चिठ्ठ्या.

दुसऱ्यांदा गुप्त मतदान घेतलं. प्रेस शॉप, मशीन शॉप, असेंब्ली, आणि स्टोअर-डिस्पॅच मिळून एक, असे चार विभाग, प्रत्येकाने आपला एक निवडायचा. मतदान शिफ्ट बदलताना ठेवलं म्हणजे नाइटवाले सुटत नाहीत, आणि मोजणी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर. युनियन असेल तर आधी तिच्याशी बोला, तिला बाजूला ठेवून समिती केली तर ती पहिल्या दिवसापासून युनियनविरोधी म्हणून ओळखली जाते आणि मग काही केलं तरी तो डाग जात नाही. असेंब्लीत बायका जास्त होत्या, तिथे मतपत्रिकेवर फक्त बायकांचीच नावं होती, असं आधीच सगळ्यांना विचारून ठरवलं. राज्याच्या नियमांत निवडीची काही पद्धत दिली असेल तर अर्थात ती पाळायची.

मॅनेजमेंटच्या बाजूने कोण, हे त्याहून नाजूक. प्लँट हेड नको, कारण त्यांच्यासमोर कोणी तोंड उघडत नाही. प्रॉडक्शन हेडही नको, निम्म्या तक्रारी त्यांच्याच शिफ्टच्या असतात. आम्ही क्वालिटीचा एक जण घेतला, मेंटेनन्सचा एक, अकाउंट्सच्या एक मॅडम आणि टूल रूमचे एक जुने साहेब ज्यांना कामगार आधीपासूनच घरच्या अडचणी सांगायचे. अशी माणसं प्रत्येक कंपनीत एक-दोन असतात, ती शोधा. एचआर फक्त नोंदी ठेवायला, मत नाही. हे मला स्वतःला पचायला वेळ लागला, कबूल करतो.

पहिल्या वर्षाचं अध्यक्षपद कामगारांना द्या. एवीतेवी आलटून पालटून जाणारच आहे, मग सुरुवात कुठून केली यावरून लोक काय ते ओळखतात.

तक्रार आत कशी येणार

पेटी आम्ही पाण्याच्या कूलरजवळ हलवली, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. तिथे प्रत्येक जण दिवसातून चारदा जातो, त्यामुळे कोण पेटीकडे गेला हे कोणाला कळत नाही. दोन कुलपं लावली, एक चावी कामगार प्रतिनिधीकडे, एक मॅनेजमेंटच्या सदस्याकडे, दोघं मिळून सोमवारी आणि गुरुवारी उघडणार. साधी युक्ती आहे पण "चावी कोणाकडे" या प्रश्नाचं उत्तर बोटाने दाखवता येतं.

पेटीपेक्षा जास्त तक्रारी तोंडी येतात, चहाच्या वेळी, बसमध्ये. तोंडी तक्रार प्रतिनिधीने त्याच दिवशी लिहून काढायची, त्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची आणि मग सही किंवा अंगठा. आमच्याकडे नांदेड, लातूरचे जितके तितकेच बिहार, ओडिशाचे, त्यामुळे फॉर्म मराठी आणि हिंदी दोन्हीत. फॉर्मवर चारच प्रश्न ठेवले, काय झालं, कधीपासून, कोणाला माहीत आहे, आणि तुम्हाला काय व्हायला हवं. शेवटचा प्रश्न विसरू नका. पुष्कळदा माणसाला फक्त शिफ्टचा चार्ट एक आठवडा आधी हवा असतो आणि आपण उगाच चौकशी, मेमो करून एक वैरी तयार करतो.

प्रत्येक अर्जाला नंबर आणि पोच. पोचेवर अर्जाची तारीख आणि तीसावा दिवस कोणता ते लिहायचं. रजिस्टरमध्ये नाव असतं पण समितीच्या बैठकीत फक्त नंबर फिरतो, शक्य असेल तिथपर्यंत. सुपरवायझरच्या शिवीगाळीची तक्रार असेल तर नाव झाकून चौकशी होऊच शकत नाही, तेव्हा त्या माणसाला आधी सांगायचं की इथून पुढे नाव कळेल, पुढे जायचं का? तो नाही म्हणाला तर तिथेच थांबायचं. निनावी चिठ्ठी आली तर कोणावर कारवाई करायची नाही, पण नोंद ठेवायची आणि तसं काही दिसतंय का ते आकड्यांत तपासायचं.

तीस दिवसांचं वेळापत्रक आम्ही असं धरलं होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत दोन सदस्य, एक इकडचा एक तिकडचा, त्या माणसाशी बोलणार. दहाव्यापर्यंत कागद गोळा, म्हणजे पंचिंग, पगारपत्रक, लॉगबुक जे काय असेल ते. विसाव्याच्या आसपास समितीची बैठक, सत्तावीसपर्यंत लेखी निर्णय हातात. उरलेले तीन दिवस कोणीतरी आजारी पडतंच म्हणून. बैठक कामाच्या वेळेत आणि प्रतिनिधीचा पगार न कापता, नाहीतर दुसऱ्या बैठकीला कोणी फिरकत नाही.

एक केस पूर्ण सांगतो, ओटीचीच

प्रेस शॉपमधल्या एका ऑपरेटरने अर्ज दिला. पहिली शिफ्ट सात ते साडेतीन, अर्धा तास जेवण. पुढच्या माणसाला चार्ज देताना डाय, पार्टचा काउंट, बिघाड सगळं समजावून सांगायचं म्हणजे रोज वीसेक मिनिटं जास्त जायची. पण पंचिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग होतं की तीस मिनिटांच्या आतला जादा वेळ शून्य धरायचा. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, सॉफ्टवेअर बसवताना कोणीतरी ते तसंच ठेवलं होतं. सोडून गेलेले दोघं हेच म्हणत होते.

त्याचं गणित असं. महिन्याचा पगार 18,200, भागिले 26 म्हणजे दिवसाचे 700, भागिले 8 म्हणजे तासाचे साडेसत्त्याऐंशी. ओटी दुप्पट दराने, म्हणजे तासाला 175. पंचिंगप्रमाणे महिन्यात 21 दिवस तो वीस मिनिटं उशिरा बाहेर पडला होता, 420 मिनिटं, सात तास, म्हणजे 1,225 रुपये.

आता मॅनेजमेंटचे सदस्य म्हणाले की कंपनीची बस 4 वाजून 5 मिनिटांनी सुटते, लोक बसची वाट बघत गप्पा मारतात आणि निघताना पंच करतात, पंच म्हणजे काम नव्हे. हा मुद्दा खोटा नव्हता. कामगार प्रतिनिधी तापले, बैठक तिथेच फिसकटली असती. टूल रूमच्या साहेबांनी मार्ग काढला, म्हणाले शिफ्ट लॉगबुक काढा ना, चार्ज घेणारा तिथे वेळ टाकून सही करतो. काढलं. 21 पैकी 17 दिवस सही पावणेचारनंतरची होती. म्हणजे 17 गुणिले 20, 340 मिनिटं, 5 तास 40 मिनिटं, आणि रक्कम साधारण 992 रुपये. चार दिवस सुटले, पण जे सुटले ते का सुटले हे त्याला कागदावर दाखवता आलं आणि त्याने ते मान्य केलं. पूर्ण मागणी मान्य झाली नाही तरी माणूस समाधानाने जातो, हिशोब त्याच्यासमोर केला तर.

मतदान सहा विरुद्ध दोन, कामगारांचे चारही बाजूने. निर्णयात तीन गोष्टी होत्या. लॉगबुक बघून मागच्या तीन महिन्यांचा फरक पुढच्या पगारात, सॉफ्टवेअरचं तीस मिनिटांचं सेटिंग काढून टाकायचं, आणि चार्ज देण्याचा वेळ सुपरवायझरने रोज लॉगबुकात लिहायचा. आणि हा फरक फक्त अर्ज करणाऱ्याला नाही, प्रेस शॉपच्या चौदाही जणांना. हे न्यायाचंच होतं, पण त्यामागे दुसरंही कारण होतं. चौदा जणांच्या पगारात एकदम पैसे आले की अर्ज कोणी केला हे शोधणं अवघड होतं.

निर्णयानंतरचे नव्वद दिवस

अवघड होतं, अशक्य नाही. तीन आठवड्यांनी प्रेस शॉपच्या शिफ्ट चार्टवर त्याच माणसाचं नाव सलग तिसऱ्या आठवड्याला नाइटला होतं. सुपरवायझरचं उत्तर तयार होतं, "मॅनपॉवर शॉर्ट आहे". असल्या गोष्टींत कोणी मेमो देत नाही की आवाज चढवत नाही, नुसता चार्ट बदलतो आणि बाकीचे गुपचूप बघत असतात. त्यांच्यासाठी समितीचा निकाल नोटीस बोर्डावर नसतो, या चार्टवर असतो.

म्हणून आम्ही प्रत्येक निर्णयानंतर नव्वद दिवस एक पान चालवायचो. डाव्या बाजूला तक्रारीच्या आधीचे तीन महिने, उजव्या बाजूला नंतरचे, आणि ओळी फक्त चार, नाइटचे आठवडे, ओटीचे तास, नाकारलेल्या रजा, मेमो. शेजारी त्याच लाइनवरच्या दुसऱ्या दोन-तीन जणांचे आकडे, नाहीतर "सगळ्यांनाच जास्त नाइट आली" हे खरं की खोटं कळत नाही. पान दर पंधरा दिवसांनी भरायचं, एक कामगार प्रतिनिधी आणि एक मॅनेजमेंटचा सदस्य मिळून, आणि सुपरवायझरला त्याचा पत्ता नको.

या केसमध्ये आधी तीन आठवड्यांत एक नाइट होती, नंतर तीनपैकी तीन, आणि शेजारच्या दोघांची मात्र पूर्वीसारखीच. क्वालिटीच्या सदस्याने सुपरवायझरला ते पान दाखवलं, आरोप केला नाही, फक्त विचारलं की हे असं का दिसतंय. चार्ट दुसऱ्या दिवशी बदलला. पुन्हा झालं असतं तर प्लँट हेडकडे लेखी जाणार होतं, आणि हे प्लँट हेडनी आधीच सही करून मान्य केलेलं होतं. ही सही समिती सुरू व्हायच्या आधी घ्या. केस पेटल्यावर कोणी देत नाही.

चालतंय की नाही कसं ओळखायचं

दर महिन्याला बोर्डावर चार ओळी लावा, किती अर्ज आले, किती निकाली, किती तीस दिवसांच्या पुढे गेले, आणि काय बदललं. नावं नाहीत, विभागही नाही जर तो लहान असेल. स्टोअरमध्ये पाच जण असतील आणि तुम्ही "स्टोअरमधून एक अर्ज" लिहिलंत तर झालं कल्याण.

तक्रारी शून्य असतील तर खूश होऊ नका. आमच्या अनुभवात सुरुवातीला दोन महिने शांतता होती, ओटीच्या निर्णयानंतर एकदम अकरा अर्ज आले आणि डायरेक्टर घाबरले की ही समितीच भांडणं लावतेय. खरं तर ते जुनं साचलेलं होतं. फक्त कँटीन आणि पाण्याच्या तक्रारी येत असतील तर लोक अजून चाचपडतायत. एकाच विभागातून काहीच येत नसेल तर तिथला प्रतिनिधी किंवा सुपरवायझर यापैकी कोणीतरी दार अडवतोय. आणि सोडून जाणाऱ्या माणसाला गेटपासच्या वेळी एकच विचारा, समितीकडे का नाही आलात? त्या उत्तरांची वही मी वेगळी ठेवली होती आणि समितीत जे काही सुधारलं ते बहुतेक त्या वहीतून.

एक अडचण मात्र आम्हाला सुटली नाही. कंत्राटी लोक सहा-आठ महिन्यांत बदलतात, त्यांचा प्रतिनिधी निवडला की तोच गायब. शेवटी असेंब्लीच्या ताईंनीच ते काम अंगावर घेतलं, कारण ती पोरं डबा खायला त्यांच्याच टेबलावर बसायची.

वर्ष संपलं की अध्यक्ष बदलतो, तेव्हा हस्तांतर नीट करा. रजिस्टर, दोन्ही चाव्या, समेट अधिकाऱ्याकडे गेलेल्या केसेसचे कागद, आणि नव्वद दिवस पूर्ण न झालेली पानं. शेवटची गोष्ट आम्ही पहिल्या वर्षी विसरलो होतो, चार पानं जुन्या अध्यक्षांच्या लॉकरमध्ये दीड महिना पडून राहिली, आणि त्यातल्या एकाची रजा दरम्यान दोनदा नाकारली गेली होती.